मिरचीचा फेटा फुकट, अक्षरांचे पैसे

घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा ब्रँड काढताय आणि पाकिटावर फेटेवाली लाल मिरची हवी आहे, असं धरून चालू. एआयकडून कच्चं चित्र काढून घ्यायला खर्च जवळजवळ नाही. फुकटच्या मर्यादेत काम भागतं, नाहीतर एक महिन्याची वर्गणी पुरते.

सूचना अशी द्या: ‘फेटा बांधलेली, मिशीला पीळ देणारी लाल मिरची. जाड काळ्या रेषा, लाल आणि पिवळा असे दोनच सपाट रंग, छटा नाहीत, पांढरी पार्श्वभूमी, कुठेही अक्षर नको.’ यात ‘मसाल्याचं पाकीट’, ‘लोगो’ किंवा ब्रँडचं नाव घालू नका. असे शब्द दिसले की एआय हमखास काहीतरी लिहायला जातं. आलेलं चित्र दोन सेंटिमीटर रुंदीत काळंपांढरं छापून बघा. फेट्याच्या चुण्यांची गिचमिड होत असेल, तर ‘फेट्याला तीनच घड्या’ असं सांगून पुन्हा काढा.

नाव मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. एआय अक्षरं फाँटमधून घेत नाही, चित्रासारखी रंगवतं. त्यामुळे ‘कोल्हापुरी’तला ‘ल्हा’ फुटतो, ‘कांदा’वरचा अनुस्वार गळतो, ‘लसूण’चा ऊकार ऱ्हस्व होतो. सगळं बरोबर आलं तरी शिरोरेषेची जाडी अक्षरागणिक बदललेली असू शकते. शिवाय ती ठिपक्यांची प्रतिमा. दुकानाच्या पाटीएवढी केली की कडा फाटतात.

डिझायनरचे पैसे इथे लागतात. कोटेशन तीन ओळींत मागा: चित्र व्हेक्टरमध्ये पुन्हा काढणं, नावाचं अक्षरांकन, फायली. दर शहरागणिक आणि माणसागणिक बदलतात, पण खरा फरक मधल्या ओळीत पडतो. एक टाइपच्या ‘बलू’सारखा मुक्त परवान्याचा फाँट घेऊन जोडाक्षरं नीट बसवणं स्वस्त पडतं, नाव हातानं रेखाटून घेणं त्याच्या कित्येक पट. पहिल्या पाकिटाला फाँट पुरतो, असं माझं मत. चित्र आणि अक्षरांचे हक्क तुमच्या नावे लेखी करून घ्या. कायद्यानं तोंडी हस्तांतर चालत नाही.

ट्रेडमार्कचा खर्च वेगळा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे आणि मसाले वर्ग ३० मध्ये येतात. आधी सरकारी संकेतस्थळावर सारखं नाव शोधा. तो शोध फुकट आहे.

शेवटचा हप्ता देण्याआधी फायली तपासा. कोरल किंवा पीडीएफ, एसव्हीजी आणि पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी, एवढं हवं. अक्षरं ‘कर्व्ह’ केलेली आहेत ना, हे विचारा. नसतील तर तो फाँट नसलेल्या फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर वेलांट्या-उकार विस्कटतील आणि छपाईचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतील.