विभाजित स्तंभालेखातील मधला भाग

समजा, तिसरीच्या 20 मुलांपैकी 4 मुले केवळ अक्षरे, 9 शब्द व 7 उतारा वाचतात. चौथीच्या 30 मुलांत हीच संख्या 9, 12 व 9 आहे. विभाजित स्तंभालेखात ‘शब्द’ हा मधला भाग एका स्तंभात 4 वर, तर दुसऱ्यात 9 वर सुरू होतो. पायारेषा समान नसल्याने दृष्टी लांबीऐवजी टोकाची उंची पाहते. शतमान स्तंभालेखाने पटातील फरक नाहीसा होतो व 45 आणि 40 टक्के ही खरी तुलना मिळते. तथापि तेथेही तिसरीचा भाग 65 वर व चौथीचा 70 वर संपतो. लहान भागच मोठा भासतो. यास्तव शिक्षकांनी शतमानाचे प्रत्येक पातळीसाठी स्वतंत्र लहान आलेख, एकाच प्रमाणाने व शून्यापासून, काढावेत. त्यांत एकूण पट दिसत नाही; तो शीर्षकाखाली लिहावा.