पेगच्या हिशेबात न येणारं वजन

आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी आम्ही मित्र बसायचो. माझे दोन लार्ज ठरलेले, सोबत पाणी किंवा साधा सोडा. गोड कोल्ड्रिंक मी कधी मिसळलं नाही आणि बिअर घेतली नाही, कारण पोट बिअरने सुटतं असं आमच्या मंडळींचं ठाम मत होतं. तरी पाच-सहा वर्षांत वजन ७४ वरून ८५ किलोवर गेलं. वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी, असं निघालं. मग डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी किती पिता हे विचारलं, लिहून घेतलं, आणि एक वही करायला सांगितली. बसलो त्या दिवशी आणि न बसलो त्या दिवशी, संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत तोंडात गेलेला प्रत्येक घास त्यात लिहायचा. पेगचा हिशेब तुम्हाला येतोच, म्हणाल्या, बाकीचा येत नाही.

पेगचा हिशेब खरंच सोपा आहे. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलिलिटरच्या लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एका ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या की एका लार्जच्या १४० होतात आणि दोनच्या २८०. कोणी म्हणेल, एवढंच ना, दोन-अडीच पोळ्या कमी खाऊ. मात्र हा हिशेब मापाने ओतणाऱ्याचा आहे. घरी अंदाजाने ओतलेला लार्ज ६० मिलिलिटरचा क्वचितच असतो. मी औषधाच्या मापाने तपासला तेव्हा तो ७५ च्या पुढे भरला.

आता वहीतली एक संध्याकाळ. मसाला शेंगदाण्यांची एक वाटी मधे होती, माझ्या वाट्याला मूठभर, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास आले असतील. त्याच्या २३० कॅलरी. एक तळलेला मसाला पापड, त्याच्या शंभर. चिकन लॉलीपॉपची एक प्लेट चौघांत, माझे दोन, त्याच्या सुमारे दोनशे. घरी पोहोचलो तेव्हा अकरा वाजलेले. एरवी रात्री माझ्या ताटात दोन भाकऱ्या, भाजी आणि आमटी असते. त्या रात्री तीन भाकऱ्या, मटणाचा रस्सा, वर भात. कमीत कमी दोनशे कॅलरी जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या पोह्यांऐवजी बाहेरची मिसळ आणि एक जादा पाव, तिथे आणखी दीडशे. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी चित्र बदलत नाही. दारूच्या २८० आणि दारूपायी खाल्लेल्या ८५० च्या वर. न बसलेल्या दिवसाचं पान शेजारी ठेवलं की हा फरक डोळ्यांनी दिसतो.

एवढ्या कॅलरी मिळाल्या म्हणजे तेवढं वजन सरळ चढतं असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं कमी जेवलं जातं, आणि शरीर जड झालं की त्याचा रोजचा खर्चही वाढतो. म्हणून दर आठवड्याला काटा हलत नाही. वर्षाला दीड-दोन किलो असं हळूहळू चढत जातं आणि माणूस ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

एवढं खाल्लं का जातं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पिणारा माणूस त्याचा दोष स्वतःच्या जिभेला देतो. जेवणाआधी अल्कोहोल घेतलं की त्या जेवणात माणसं जास्त खातात, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. पेल्यातून आलेल्या कॅलरींची वजाबाकी मेंदू पुढच्या ताटातून करत नाही. उलट भूक चाळवते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. उंदरांना सलग तीन दिवस अल्कोहोल दिलं, तेव्हा ते जास्त खाऊ लागले. मेंदूत काही पेशी अशा आहेत की उपासमार झाली तर त्या पेटून उठतात आणि खायला लावतात. पोट भरलेलं असूनही अल्कोहोलने त्याच पेशी जाग्या केल्या होत्या. त्या पेशी शांत ठेवल्या तर जादा खाणं थांबलं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण दुसऱ्या पेगनंतर शेंगदाण्याच्या वाटीकडे हात आपोआप का जातो याचा थोडा उलगडा त्यातून होतो. त्यातच चकणा खारट असतो. खारटाने तहान लागते, तहानेने घोट वाढतात आणि घोटांनी पुन्हा भूक.

पोटात गेल्यावर पुढे काय होतं, हे कळल्यावर माझं पिणं खऱ्या अर्थाने बदललं. आमच्यात समज असा की दारूची चरबी होते. थेट तशी ती फारशी होत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं, म्हणजे आपल्या लार्जपेक्षा जरा जास्त. त्यातल्या पाच टक्क्यांहूनही कमी भागाची चरबी झाली. पण पुढचे काही तास शरीराचं चरबी जाळण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांनी घसरलं. त्याआधी १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अख्ख्या चोवीस तासांचं मोजमाप केलं होतं. त्यात चरबी जळणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं होतं.

कारण असं की अल्कोहोल साठवून ठेवायला शरीरात जागा नाही, आणि ते अंगात राहू देणंही परवडत नाही. म्हणून यकृत बाकीची कामं मागे ठेवून आधी ते फोडायला घेतं. फोडताना त्यातून अ‍ॅसिटेट तयार होतं, ते रक्तातून अंगभर जातं आणि स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. चरबी जाळण्याची गरजच उरत नाही. यकृताच्या आत चालणारं चरबीचं ज्वलनही या कामामुळे मंदावतं. मग शेंगदाण्यातलं तेल, लॉलीपॉपचं तळण आणि रश्श्यावरचा तवंग यांचं करायचं काय? ते जाळलं जात नाही, ठेवून दिलं जातं. काही पोटाच्या घेरात, काही यकृतात.

वेळेचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. सत्तर किलोच्या माणसाचं यकृत तासाला ढोबळमानाने सात ग्रॅम अल्कोहोल निपटतं. दोन लार्जचे चाळीस ग्रॅम, म्हणजे साडेपाच-सहा तास. साडेआठला सुरुवात केली तर पहाटे दोन-अडीचपर्यंत हेच काम चालू. अकराचं मटण नेमकं याच वेळात पोटात पडतं. बिअर सोडून व्हिस्कीवर येणं किंवा कोलाऐवजी सोडा घेणं याने पेल्यातली साखर कमी होते, ते चांगलंच. पण हे सहा तास त्याने कमी होत नाहीत. ते फक्त अल्कोहोलच्या ग्रॅमवर ठरतात.

झोपेबद्दल थोडक्यात. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या दुसऱ्या भागात झोप सारखी मोडते. अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढते आणि तळकट-गोडाकडे ओढ लागते. माझ्या वहीतली मिसळ बसलेल्या रात्रींच्या दुसऱ्या दिवशीच का असते आणि त्याच सकाळी माझं टेकडीवर फिरायला जाणं का चुकतं, हे मला त्यात सापडलं.

पिणारे सगळेच जाड होतात असं मात्र नाही, आणि ‘तो तर रोज पितो, काडीसारखा आहे’ हे उदाहरण प्रत्येक बैठकीत निघतं. क्वचित आणि थोडी घेणाऱ्यांचं वजन दारूने वाढतंच असं अभ्यासांतही ठामपणे दिसत नाही. रोज भरपूर पिणारा पुष्कळदा जेवतच नाही, त्याचे स्नायू झिजतात आणि तो वाळत जातो. तो बारीकपणा आजाराचा आहे. वजन वाढतं ते आमच्यासारख्यांचं: नियमित बसणारे, सोबत तळलेलं खाणारे आणि वर घरी येऊन पूर्ण जेवणारे.

वहीनंतर मी केलेल्या बदलांत सगळ्यांत उपयोगी ठरला तो क्रम. बसायच्या दिवशी साडेसातला घरी जेवून जातो. जेवण आधी झालं की अल्कोहोल रक्तात हळू चढतं, चकण्याचा मोह ओसरतो आणि अकराचं ताट उरत नाही. दुपारचं जेवण टाळून रात्रीसाठी ‘जागा करणं’ मी करून पाहिलं होतं. भुकेल्या पोटी बसल्यावर वहीतली सगळ्यांत मोठी पानं त्याच दिवशी भरली. चकण्याला काकडी, उकडलेली अंडी, तंदुरी चिकन मागवलं तर मित्र कुरकुरतात, पण खातात. आणि बसण्याचे दिवस कमी केल्याशिवाय वरचा कुठलाही उपाय पुरा पडत नाही. मी महिन्यातून एखाद-दोन वेळांवर आलो. वजनाआधी कंबर उतरली, पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइडही उतरलं. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून लावायची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की आपल्याकडे धोका धरतात.

कमी पिणं म्हणजे सुरक्षित पिणं, असा अर्थ यातून कुणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की दारूचं आरोग्याला निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही. वजन घटवायला जेवण सोडून नुसती दारू घेणं तर फारच वाईट. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी प्यायल्याने साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते, आणि आजूबाजूचे त्याला चढली समजून झोपवून ठेवतात. जो रोज भरपूर पितो आणि सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याने मात्र हे वाचून एकदम बंद करू नये. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात. त्याने आधी डॉक्टरकडे जावं आणि रोज किती लागते ते खरं सांगावं, म्हणजे औषधांच्या आधाराने ती सोडवता येते.