उत्पन्न कमी-जास्त असेल तर महिन्याचं अंदाजपत्रक कसं करावं? (नमुना व सोडवलेलं उदाहरण)



अंदाजपत्रकाचे बहुतेक नमुने पगारदार माणसासाठी केलेले असतात. पहिल्याच ओळीत 'मासिक उत्पन्न' लिहा म्हणतात. पण आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी दरमहा ठरलेली रक्कम येतच नाही. वायरमन, गवंडी, शिलाईकाम, रिक्षा, शेतमजुरी... यांनी त्या पहिल्या ओळीत काय लिहायचं? या पाठात आपण तेवढाच प्रश्न घेऊ.

उदाहरण

एक तरुण जोडपं आहे, तालुक्याच्या गावी भाड्याने राहतं. नवरा घरांच्या वायरिंगची कामं घेतो. बायको घरी ब्लाउज शिवते. पावसाळ्यात बांधकामं थांबतात आणि लग्नसराईही नसते, त्यामुळे दोघांचं काम एकदमच कमी होतं. वायर, दोरा-अस्तर, कामासाठीचं पेट्रोल हा धंद्याचा खर्च वजा करून दोघांचे मिळून हातात आलेले रुपये असे:

| महिना | आवक | महिना | आवक |
|---|---|---|---|
| एप्रिल | ३१,००० | ऑक्टोबर | ३०,००० |
| मे | ३४,००० | नोव्हेंबर | २८,००० |
| जून | १८,००० | डिसेंबर | २७,००० |
| जुलै | १४,००० | जानेवारी | २२,००० |
| ऑगस्ट | १६,००० | फेब्रुवारी | २६,००० |
| सप्टेंबर | १९,००० | मार्च | २३,००० |

वर्षाची बेरीज २,८८,००० आणि सरासरी २४,०००.

सरासरी इथे का फसवते?

पाचवी-सहावीचं मूल लगेच म्हणेल, "मग दरमहा २४,००० खर्च करायचे!" गणित बरोबर आहे, वर्षाअखेर हिशोब जुळतोही. पण पैसे कोणत्या क्रमाने येतात हे सरासरी सांगत नाही.

करून बघा. दरमहा २४,००० खर्च केले तर एप्रिलमध्ये ७,००० आणि मेमध्ये १०,००० असे १७,००० शिल्लक राहतात. जून ते सप्टेंबर तूट येते ६, १०, ८ आणि ५ हजार, म्हणजे २९,०००. सप्टेंबरअखेर १२,००० कमी पडले. हे पैसे दुकानाच्या उधारीवर किंवा व्याजाने आणावे लागणार, तेही ऐन गणपतीच्या दिवसांत. म्हणून वर्षाचं उत्पन्न पुरेसं असूनही घर कर्जात जाऊ शकतं.

नमुना: आधी खर्च, मग 'घराचा पगार'

उत्पन्नापासून सुरुवात न करता खर्चापासून करायची. वहीत तीन गट पाडा.

*गट अ – टाळता न येणारा (दरमहा)*
- घरभाडं ४,५००
- किराणा ४,२००
- दूध १,५००
- भाजी-फळं १,५००
- गॅस (महिन्याच्या वाट्याचा) ६००
- वीज ७००
- दोघांचे रिचार्ज ६००
- घरचं पेट्रोल ८००
- गावी आई-वडिलांना १,५००

एकूण १५,९००

*गट ब – वर्षातून कधीतरी येणारा*
- दिवाळी ८,०००
- आरोग्य विमा ९,०००
- गाडीचा विमा १,५००
- गाडीचं सर्व्हिसिंग २,५००
- लग्नाचे आहेर ५,०००
- दवाखाना ४,०००

वर्षाचे ३०,०००, भागिले १२ = दरमहा २,५००

*गट क – लांबवता येणारा:* कपडे, बाहेर खाणं, दोघांचा हातखर्च – १,६००

तिन्ही मिळून २०,०००. हा झाला घराचा पगार.

आता पैसे तीन जागी ठेवायचे. येणारा प्रत्येक रुपया आधी आवक खात्यात जाईल. १ तारखेला तिथून फक्त २०,००० काढायचे. त्यातले १७,५०० घरखर्चाला आणि २,५०० वर्षाच्या डब्यात (गट ब). मे महिन्यात ३४,००० आले तरी पगार वीसच हजार, आणि जुलैत १४,००० आले तरी वीसच हजार. दुसरं बचत खातं नसेल तर स्टीलचे दोन डबे चालतील, फक्त पैसे एकत्र ठेवू नका.

आवक खातं पावसाळा कसा निभावतं?

एप्रिल-मेमध्ये ११,००० आणि १४,००० उरतात, म्हणजे ३१ मेला खात्यात २५,०००. चार महिन्यांची तूट २, ६, ४ आणि १ हजार, म्हणजे १३,०००. सप्टेंबरअखेर १२,००० शिल्लक. कर्ज नाही, आणि दिवाळीचा डबा भरलेलाच.

ऑक्टोबरपासून खातं वाढत जातं: २२, ३०, मग डिसेंबरअखेर ३७ हजार. खात्यात किती ठेवायचे? पावसाळ्याची तूट १३,००० अधिक एका महिन्याचा पगार २०,००० मिळून ३३,००० पुरेत. त्यावरचे पैसे खरी बचत समजायची. मार्चअखेर खात्यात ४८,००० होतात, म्हणजे बचत १५,०००. ती आवर्त ठेवीत टाका किंवा शिलाई मशीनला मोटर बसवा.

सुरुवात जूनमध्येच करायची वेळ आली तर?

आवक खातं रिकामं असताना २०,००० काढता येणार नाहीत. तेव्हा फक्त गट अ चालवायचा. जूनमध्ये १८,००० मधून २,१०० उरतात, जुलैत १,९०० कमी पडतात, तरी २०० राहतात. ऑगस्टअखेर ३००, सप्टेंबरअखेर ३,४००. जेमतेम, पण उधारीशिवाय. या चार महिन्यांत वर्षाच्या डब्यात १०,००० पडले नाहीत. ऑक्टोबरचे जादा १०,००० आधी तिथे टाकायचे, नवीन मोबाइलला नाही.

चूक कुठे होते?

१. *इसाऱ्याचे पैसे.* ग्राहकाने वायर आणायला दिलेले ५,००० हे उत्पन्न नाही. ते आवक खात्यात टाकले की खातं फुगलेलं दिसतं. सामानाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा.

२. *येणं बाकी.* काम झालं पण पैसे मिळाले नाहीत, तर त्या महिन्याच्या आवकेत लिहू नका. हातात पडतील त्या दिवशीच लिहा.

३. *चांगल्या महिन्यात पगार वाढवणं.* पगार वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये बदलायचा.

बिघडतंय हे ओळखायचं कसं? ३१ मेला आवक खातं बघा. १३,००० पेक्षा कमी असेल तर गट क जूनपासूनच बंद करा. चार महिन्यांत त्यातून ६,४०० वाचतात. सप्टेंबरची वाट बघत बसलात तर कापायला काही उरत नाही.

या नमुन्याला एक मर्यादा आहे. वर्षाची बेरीजच २,४०,००० पेक्षा कमी असेल तर डबे बदलून उपयोग नाही. तिथे भाडं किंवा कामाचे दर यांचाच विचार करावा लागतो.

वर्गात व घरी सरावासाठी

जुलैमध्ये १४,००० ऐवजी ८,००० च आले, तर पावसाळ्याची एकूण तूट किती? ३१ मेचे २५,००० पुरतील का?

(उत्तर: तूट १९,०००, पुरतील, सप्टेंबरअखेर ६,००० उरतील.)

मुलांना स्वतःच्या घरचे आकडे वर्गात विचारू नका, वरचेच आकडे द्या. पालकांनी मात्र घरच्या वहीत मागच्या बारा महिन्यांची आवक आठवून लिहावी. फोनमधले बँकेचे मेसेज आणि कामाची डायरी यावरून बरीचशी सापडते.