पासबुकातली दुसरी तारीख

हिंजवडीतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या भरती विभाग सांभाळतात. त्यांच्या टेबलावर आलेली एक फाइल वरवर अगदी चोख होती. टेस्टिंगच्या कामासाठी आलेल्या उमेदवाराने एप्रिल २०२१ ते मार्च २०२३ अशी दोन वर्षांची नोकरी दाखवली होती. नेमणूकपत्र, अनुभवपत्र, दरमहा ६०,००० रुपयांच्या पेस्लिपा असे सगळे जोडलेले होते. पीएफचे पासबुकही होते आणि त्यात एकही महिना रिकामा नव्हता. उमेदवार रुजू झाला. पुढे एका ग्राहक कंपनीने प्रकल्पावरच्या माणसांची कागदपत्रे पुन्हा मागितली, तेव्हा तेच पासबुक दुसऱ्यांदा उघडले गेले.

"पहिल्या वेळी आमच्या माणसाने महिने मोजले," त्या सांगतात. "तारखा कोणी वाचल्याच नाहीत."

पीएफ पासबुकाच्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात. वर्गणी कोणत्या पगारमहिन्याची आहे ही एक, आणि पैसे खात्यात कधी जमा झाले ही दुसरी. एका महिन्याची वर्गणी मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून एप्रिल २०२१च्या पगाराच्या ओळीत `Cont. For Due-Month 052021` असे लिहिलेले दिसते. नवखा माणूस ते मे महिन्याचे समजतो आणि अनुभवपत्राशी एक महिन्याची तफावत असल्याचा निष्कर्ष काढतो. ती तफावत नसते. पाहायची ती जमा झाल्याची तारीख.

या उमेदवाराच्या पासबुकात पहिल्या २० महिन्यांच्या वर्गण्या जानेवारी २०२३मधल्या दोनच दिवसांत जमा झालेल्या होत्या. त्यानंतरच्या मात्र वेळेवर होत्या. आकडे बिनचूक होते: कर्मचाऱ्याचे १,८०० रुपये, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. म्हणजे १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्क्यांनी होतात तेवढेच. अनुभव विकणारे हे गणित पाठ करून असतात. मागच्या महिन्यांची वर्गणी उशिरा भरता येते. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि दंड पडतो. ही रक्कम अर्थातच गिऱ्हाइकाकडून वसूल होते.

तरीही एकगठ्ठा भरणा हा एकट्याने पुरावा ठरत नाही, याबद्दल त्या ठाम आहेत. हात आखडलेला लहान उद्योजक वर्षभर पीएफ थकवतो आणि पैसा आला की एकदम भरतो, हे काही नवे नाही. फरक ओळखायची सोय ईपीएफओच्या संकेतस्थळावरच आहे. तिथे 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये आस्थापनेचे नाव किंवा कोड टाकला की कोणत्या महिन्याचे चलन कधी भरले आणि त्यात किती कर्मचारी होते, हे कोणालाही दिसते. त्यासाठी उमेदवाराचा पासवर्ड लागत नाही. कंपनी खरोखर अडचणीत असती तर सगळ्यांचीच वर्गणी उशिरा भरलेली दिसली असती. इथे मात्र दर महिन्याचे चलन वेळेवर होते, त्यात जेमतेम सहा कर्मचारी, आणि जानेवारी २०२३मध्ये जुन्या महिन्यांची वेगळी पुरवणी चलने. दोनशे माणसांची असल्याचे लेटरहेडवरून सांगणारी कंपनी सहा जणांची वर्गणी भरते, याचे नवल उमेदवार रुजू होण्याआधीच वाटायला हवे होते.

मग त्यांनी फॉर्म २६एएस मागितला. प्राप्तिकर खात्याच्या या पत्रकात कोणी, किती रक्कम देताना, किती कर कापला ते कापणाऱ्याच्या नावानिशी आणि टॅन क्रमांकासह येते. पगारावरच्या कपातीसमोर जुन्या कायद्याचे कलम १९२ असते, व्यावसायिक फीसमोर १९४जे. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने पुढच्या वर्षांत क्रमांक वेगळे दिसतील, पण जुन्या नोकऱ्या तपासताना हेच दोन भेटतात.

२०२१-२२च्या पत्रकात त्या सॉफ्टवेअर कंपनीचे नाव नव्हते. होते ते एका खासगी कोचिंग क्लासचे: दरमहा २५,००० रुपये, कलम १९४जे, १० टक्क्यांप्रमाणे २,५०० रुपये कपात, ओळीने बारा महिने. मुलगा सोलापूर जिल्ह्यात गणित शिकवत होता. समोर बसवून विचारले तेव्हा त्याने ते लगेच मान्य केले. "शिकवण्याचा अनुभव लिहिला की फोनच येत नाहीत," असे तो म्हणाला. त्यात तथ्य आहे, हे त्याही नाकारत नाहीत. नोकरी मात्र गेली.

या पत्रकातही दोन तारखा असतात. एक रक्कम दिल्याची, दुसरी `Date of Booking`. मालक तिमाही विवरणपत्र भरतो, ते तपासले जाते आणि मग नोंद चढते. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीची मुदत ३१ मेपर्यंत असते. त्यामुळे मार्चमध्ये नोकरी सोडून एप्रिलमध्ये मुलाखतीला आलेल्याच्या पत्रकात शेवटचे महिने नसतील, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. उलट दोन जुन्या वर्षांच्या आठही तिमाह्या एकाच आठवड्यात चढलेल्या असतील, तर थांबावे.

नोंद नसणे ही सगळ्यात फसवी गोष्ट. वर्षाला ७,२०,००० मिळवणारा माणूस घरभाडे आणि गुंतवणूक दाखवून त्या काळीही करमुक्त राहू शकत होता, आणि २०२५-२६पासून तर नव्या करप्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही. कर नाही तर कपात नाही, आणि कपात नाही तर २६एएस कोरे असू शकते. अशा वेळी त्या वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पाहतात. मालकाने वर्षअखेरच्या विवरणपत्रात कळवलेला पगार तिथे सापडू शकतो.

पीएफचेही तसेच. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला तो सहसा लागू नसतो. आधी कधी सभासद नसलेला आणि १५,०००पेक्षा जास्त मूळ वेतनावर लागलेला माणूस बाहेर राहू शकतो. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट असतात. त्यांच्या कर्मचाऱ्यांची पीएफची शिल्लक ईपीएफओच्या पासबुकात नसते. पासबुकावरचे नाव वेगळे निघाले तरी घाई करायची नसते. या विभागाकडे आलेली एक मुलगी नामवंत बँकेच्या कार्यालयात तीन वर्षे बसत होती, पण पासबुकावर नाव मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे होते. तिने अर्जात बँकेचेच नाव लिहिले होते. २६एएसमध्येही तोच ठेकेदार निघाला, कलम १९२खाली, तारखा वेळच्या वेळी. दोन्ही कागद एकमेकांशी जुळत होते, चुकला होता तो अर्जातला रकाना. तो दुरुस्त करून घेतला आणि तिला कामावर घेतले.

सोडल्याची तारीख पासबुकाशी ताडताना त्या आणखी एक सवलत देतात. एकाच पगारमहिन्यात दोन मालकांच्या वर्गण्या दिसल्या, तर १२ तारखेला सोडून १६ला दुसरीकडे लागल्याचाही तो परिणाम असतो. सलग चार-पाच महिने दोन नावे दिसली, तरच प्रश्न विचारायचा.

आता त्या पीडीएफ मागतच नाहीत, कारण पीडीएफमधला आकडा बदलायला कोणालाही वेळ लागत नाही. उमेदवार स्वतःच्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर लॉगइन करतो, त्या बाजूला बसून संबंधित वर्षांच्या ओळी पाहतात. ओटीपी किंवा पासवर्ड विचारायचा नाही, असा विभागात नियम आहे. आधी लेखी संमती घेतली जाते. २६एएस आणि एआयएसमध्ये मुदतठेवीचे व्याज, घराचा व्यवहार असे बरेच खासगी असते, त्यामुळे पगाराचा भाग संपला की स्क्रीन बंद. नोंदवहीत फक्त मालकाचे नाव, पहिला आणि शेवटचा पगारमहिना आणि जमा होण्यात किती दिवस लागले, एवढेच उतरवले जाते.