लेकीच्या हातावरची काळी मेहंदी

लग्नघरात मेहंदीवाली आली की मुलींचा हट्ट ठरलेला असतो, "मला काळी हवी, ती लगेच रंगते." आपणही म्हणतो, मेहंदीच तर आहे, आठ-पंधरा दिवसांत जाईल. त्वचेची डॉक्टर म्हणून इथेच तुम्हाला थांबवावंसं वाटतं. काळा रंग देणारं मेहंदीचं झाडच नसतं. मेहंदीच्या पानांचा रंग आधी केशरी येतो आणि एक-दोन दिवसांत तांबूस-तपकिरी होतो. अर्ध्या तासात काळाभोर उमटतो तो बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी, हा केसांच्या डायमधला रासायनिक रंग.

मागच्या लग्नसराईत एक आई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मनगटावर वेल काढून दहा दिवस झाले होते. रंग फिका पडला होता, पण वेलीचं एकेक पान लाल होऊन वर आलं होतं, त्यावर पाणी भरलेले बारीक फोड होते. आई म्हणाली, "त्या दिवशी तर काहीच झालं नाही, मग मेहंदीचं कसं असेल?" गंमत वाटावी असं यात काही नाही, फसगत नेमकी इथेच होते. पहिल्यांदा शरीराला हा पदार्थ 'ओळखायला' आठवडा-दोन आठवडे लागतात. एकदा ओळखला की सहसा जन्मभर विसरत नाही. पुढच्या वेळी एक-दोन दिवसांतच त्रास सुरू होतो. त्या मुलीचे फोड मलमाने बरे झाले, पण वेलीचा पांढुरका ठसा कित्येक महिने राहिला.

मला खरी काळजी तिच्या अठराव्या वर्षाची आहे. तेव्हा ती हौसेने केस रंगवेल, किंवा पुढे पांढऱ्या केसांसाठी 'काळी मेहंदी'ची पुडी भिजवेल. त्या पुडीतही अनेकदा पीपीडीच असतं. अशांची टाळू लाल होऊन पाझरते, कपाळ आणि कान सुजतात, कधी सकाळी पापण्या उघडत नाहीत. युरोपात केसांना लावायच्या तयार मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्वचेवर चित्र काढायला तर त्याला परवानगीच नाही. मेहंदीच्या कोनावर मात्र प्रमाण लिहिलेलंच नसतं, आणि तपासलेल्या काही काळ्या मेहंदीत ते १० टक्क्यांच्याही वर निघालं आहे.

काळी मेहंदी लागलीच असेल, तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि पुढचे दोन आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा. खाज किंवा फोड आले तर हळद, लिंबू चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास झाला किंवा चेहरा सुजला तर थेट रुग्णालय गाठा. ज्या मुलीला एकदा असा त्रास झाला आहे, तिला 'मला पीपीडीची ॲलर्जी आहे' हे वाक्य पाठ करून द्या. पार्लरमध्ये आणि प्रत्येक नव्या डॉक्टरकडे ते तिने स्वतःहून सांगायला हवं.