‘संधी मर्यादित’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : नऊ लाखांच्या जमिनीचं साठेखत होतं, चार लाख विसार दिला होता. तालुक्याच्या कोर्टात दावा हरलो. खरेदीखत नाही, फक्त विसार परत. आमच्या वकिलांच्या ज्युनिअरनं पत्र पाठवलंय : ‘१२ ऑगस्टपर्यंत अपील, संधी मर्यादित, अतिरिक्त पुराव्याचा भरवसा धरू नये.’ निकाल १ जुलैचा, नक्कल हाती आली २५ जुलैला. मग मुदत २४ ऑगस्टपर्यंत नाही का?

उत्तर : नाही, ज्युनिअरनं हिशेब बरोबर केलाय. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात आणि ते निकालाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे ३१ जुलै. नकलेसाठी लागलेला वेळ त्यात वाढवून मिळतो, पण अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचाच. पत्राप्रमाणे अर्ज ७ जुलैचा, नक्कल तयार १८ जुलैला. हे झाले १२ दिवस, म्हणून १२ ऑगस्ट. तयार नक्कल तुम्ही आठवडाभर उचलली नाहीत, तो आठवडा तुमच्या खात्यात. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला पटेल असं कारण लागतं.

आता संधी. निकालपत्रात न्यायाधीशांनी साठेखत खरं मानलंय, विसारही मानलाय. दावा पडला तो एकाच मुद्द्यावर : उरलेले पाच लाख द्यायला तुम्ही तयार आणि समर्थ होतात, हे सिद्ध झालं नाही. पैसे कोर्टात भरायलाच हवे होते असं नाही. पण ऐपत दाखवावी लागते. उलटतपासणीत ‘पैसे बँकेत होते’ म्हणालात आणि पासबुक मात्र दाखल केलं नाहीत. ते आता अपिलात देऊ, असं तुमच्या मनात असणार. तिथेच गाडी अडते. पासबुक तेव्हा घरातच होतं, तर पुरेशी खटपट करूनही मिळालं नाही, असं कसं म्हणणार? राहून गेलेली फट बुजवायला अपील नसतं. न्यायालयाला स्वतःला निकालासाठी तो कागद गरजेचा वाटला तरच दार उघडेल. समोरच्यानं उलटतपासणीत तुमच्या ऐपतीबद्दल काही कबूल केलं असेल, तर ते मात्र आधीच दप्तरात आहे. ज्युनिअरला ती पानं काढायला सांगा. माझ्या मते तुमचं अपील त्यावरच उभं राहील.

खर्चात कोर्ट फी मोठी. सगळा निकाल उलटवायचा तर दाव्यावर भरली होती साधारण तेवढीच पुन्हा. वर नकला, टंकलेखन आणि वकिलांची फी. ‘जिंकलो तर जमिनीतला वाटा’ असा सौदा कुणी सुचवला तर तो नियमबाह्य आहे; फीचा आकडा लेखी घ्या.

पत्रात एक गोष्ट राहिलीय. नुसतं अपील दाखल केल्यानं मालकाचे हात बांधले जात नाहीत. जमीन विकू नये म्हणून अपिलासोबतच मनाईचा अर्ज द्यायला सांगा. आणि इथेही हरलात, तर उच्च न्यायालयात दुसरं अपील कायद्याच्या ठोस प्रश्नावरच ऐकलं जातं. पासबुकाची गोष्ट तिथे सांगून उपयोग नाही.