पाळी आणि समुद्रातले पोहणे

प्रश्न : अलिबागच्या समुद्रात पोहणाऱ्या मुलीने पाळीत सराव थांबवावा का?

उत्तर : थांबवण्याचे कारण नाही, तिथे पाळीपेक्षा ओहोटीची ओढ अधिक धोक्याची असते. पाण्याच्या दाबाने स्राव तात्पुरता कमी भासला, तरी तो थांबत नाही, आणि सॅनिटरी पॅड पाणी शोषून फुगतो, म्हणून योनीत बसणारा सिलिकॉनचा मेन्स्ट्रुअल कप वापरावा. घडी करून आत सरकवलेला कप पूर्ण उघडला का, हे त्याच्या तळाभोवती बोट फिरवून तपासावे, कारण राहिलेल्या घडीतूनच गळती होते. कळा प्रोस्टाग्लँडिनमुळे, म्हणजे गर्भाशय आकुंचित करणाऱ्या द्रव्यामुळे येतात. ते तयार होणेच रोखणारे इबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून, कळ सुरू होताच जेवणानंतर घेतल्यास अधिक उपयोगी पडते, मात्र दम्याच्या वा अल्सरच्या रुग्णांनी ते परस्पर घेऊ नये. दर महिन्याला वाढत जाणारी कळ मात्र तपासून घ्यावी.